एवढंच एक नाव

आमच्या गावात फाल्गुन सरत आला की राबाचा धूर उतरतो. भाताची रोपं जिथे पेरायची त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, वाळकी काटकी पसरून ती धुमसत ठेवतात. तो धूर कडवट असतो, पण त्यात कुठेतरी भाजलेल्या मातीचा गोडवा असतो. त्याच सुमारास लग्नसराई सुरू होते. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी आता कायमच्या एकमेकींत मिसळल्या आहेत. राबाचा वास आला की मला पत्रिकांच्या कागदाची आठवण होते, आणि नवीकोरी पत्रिका हातात घेतली की घशात धूर गेल्यासारखं होतं.

मी लग्नपत्रिका तयार करते. किन्हवलीच्या अलीकडे आमचं गाव. ओटीवर खिडकीशी एक टेबल, त्यावर संगणक, आणि खिडकीबाहेर एक मोहाचं झाड. मराठी घेऊन एम.ए. केलं तेव्हा मला कविता करायच्या होत्या. केल्याही. पण घर चालवायला हातभार लागला तो कवितेच्या एका दूरच्या, नटव्या बहिणीचा. पत्रिकेच्या माथ्यावर कुलदैवताच्या नावाखाली ज्या चार ओळी येतात, त्या मी लिहिते. मग खाली नावं मांडते. इकडच्या पत्रिकेत नावं फार असतात. आजोबा, चुलते, चुलतचुलते, आत्या, मावशा, निमंत्रक, व्यवस्थापक, हळदीला उभे राहणारे, वरातीत पुढे चालणारे. ज्याचं नाव पत्रिकेत, त्याचं लग्न. म्हणून नावांचा क्रम, त्यांच्या अक्षरांची उंची, कोण कोणाच्या वर आणि कोण कोणाच्या शेजारी, हे सगळं मला कवितेतल्या शब्दांइतकंच जपून लावावं लागतं.

हे काम माझ्याकडे थेट येत नव्हतं. मुरबाडच्या बाजारात एक छपाईचं दुकान आहे. दुकानदार लग्नघरातून ऑर्डर घ्यायचा, मजकूर कागदावर लिहून त्याचा फोटो मला पाठवायचा. मी पत्रिका मांडून पाठवली की तो ती छापायचा. त्याला सगळे शेठ म्हणत, मीही म्हणायचे. एका पत्रिकेमागे माझी रक्कम तोंडी ठरलेली होती. लिहून काहीच नव्हतं. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने लिंबू सरबत मागवलं आणि म्हणाला, "आपल्यात कसला कागद, मॅडम. तुमी आमच्याच घरच्या." त्या एका वाक्याची किंमत मी पुढची दोन वर्षं मोजत होते.

घरच्या माणसाला बदल सांगायला संकोच वाटत नाही. शेठला तर कधीच वाटला नाही. सकाळी दूध तापत ठेवावं आणि फोनवर टिंग व्हावं. "मॅडम, जरा आत्याच्या मिस्टरांचं नाव वरती घ्या ना." ते घेतलं की, "लाल रंग थोडा डार्क." तो केला की, "पार्टी म्हणते गणपती मोठा पाहिजे." गणपती मोठा केला की नावं खाली सरकायची, एक ओळ पानाबाहेर जायची, मग सगळी नावं पुन्हा नव्याने बसवायची. बदल त्याच्या लेखी छोटा असायचा. पण एक नाव वाढलं की शेजारची सगळी नावं आपापली जागा बदलून बसतात, जशी ओटीवर नवा पाहुणा आला की सगळे जरा जरा सरकतात. आणि त्या सरकण्याचे पैसे कधीच नसायचे.

"शेठ, हे चौथ्यांदा झालं," मी एकदा म्हणाले.

"अहो मॅडम, तुमच्या कंप्यूटरला काय, एक बटण. आमच्यासारखं शिशाचे खिळे जुळवायचेत का?"

पैशांचं विचारलं की तो आवाज खाली आणायचा. "पार्टीनं अजून दिले नाय हो. सीझन संपला की एकदम करतो. तुमचे कुठं जातात?" एकदा मी खूपच मागे लागले तेव्हा त्याने हापूसची पेटी पाठवली. आंबे चांगले होते. घरभर सुवास दरवळला. नवरा एक आंबा चोखून म्हणाला, "छान आहे. आता लाइटबिलाला चार नेऊन दे."

नवरा आसनगावच्या बाजूला एका मोठ्या गोदामात सुपरवायझर आहे. तिथे पॅकिंगला बायका घेतात, गाडी घरापर्यंत येते, पगार महिन्याच्या महिन्याला होतो. त्याने माझ्यावर कधी जबरदस्ती केली नाही. त्या वर्षी मात्र त्याने एवढंच म्हटलं, "पावसाळ्याच्या आत शेठनं मागचं दिलं तर तू तुझं कर. नाय तर जूनपासून गाडीत बस. आपल्याला आता दोघांचे पैसे लागतात." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी खिडकीतून मोहाकडे पाहिलं. फुलं पडायला लागली होती. ओली, जड, पिवळसर. पहाटे ती जमिनीवर पडताना अगदी हलका आवाज होतो, पाण्याच्या थेंबापेक्षा जरा जाड. गोदामात पॅकिंगला बसले की हा आवाज ऐकायला मी घरी नसेन, असं मनात आलं. मग असंही आलं की हा आवाज ऐकण्याचे मला कोणी पैसे देत नाही.

त्या सराईत शेणवे गावातल्या एका मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. तिच्यासाठी लिहिलेल्या चार ओळी मला आवडल्या होत्या. त्यात ओटीवरून उतरणाऱ्या पावलांना लागलेली हळद होती, आणि मागे राहिलेल्या उंबऱ्यावर तिचा पिवळा ठसा. शेठने वाचून "एकदम फ्रेश" असं लिहून पाठवलं आणि लगेच पहिला बदल सांगितला. मग दुसरा. नंतर माजी सरपंच निमंत्रकांमध्ये आले. मग त्यांचे प्रतिस्पर्धीही आले, आणि दोघांची अक्षरं सारख्या उंचीची हवी होती. मी करत गेले. अखेर "फायनल" असा निरोप आला आणि मी छापायची फाइल पाठवून दिली.

छपाईला फाइल पाठवण्याआधी मी त्यातल्या अक्षरांचं चित्र करून टाकते. म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर ती विस्कटत नाहीत, मात्र त्यात कोणाला काही टंकताही येत नाही. बदल हवा असेल तर माझ्याकडेच यावं लागतं. माझ्या हातात तेवढी एकच दोरी होती आणि मी ती कधी ओढून पाहिली नव्हती.

"फायनल" नंतर दोन दिवसांनी शेठचा निरोप आला. "मॅडम, मामाचं नाव ॲड करायचंय. एवढंच एक नाव. लास्ट."

दुपार होती. पत्र्यावर ऊन तडतडत होतं. मी नाव टाकलं. मामाकडील मंडळींची जागा त्या पत्रिकेत आधी नव्हतीच, ती नव्याने करावी लागली. त्यासाठी निमंत्रक दोन्ही बाजूंना आवळले. काम झालं आणि मी पाठवायला गेले, तेव्हा शेठच्या निरोपांच्या वर माझेच जुने निरोप दिसले. दिवाळीपासून मी पैशांबद्दल विचारलेलं, आणि प्रत्येकाखाली त्याचा जोडलेल्या हातांचा चिमुकला पिवळा नमस्कार. अंगठ्याएवढे ते हात एकाखाली एक उभे होते. मी फाइल पाठवली नाही. लिहिलं, "बदल करून फाइल तयार आहे. मागचे पैसे आले की लगेच पाठवते."

त्याने अंगठा उंचावल्याचं चिन्ह पाठवलं. मला वाटलं, पैसे येतील. त्या दुपारी मी फार शांत झोपले.

पैसे आले नाहीत. आठवड्याने फोन आला. शेठचा आवाज नेहमीसारखा गोड नव्हता, मागे कोणीतरी बाईमाणूस बोलत होतं. "मॅडम, जरा दुकानात येता का? पार्टी येऊन बसलीय."

किन्हवलीहून एसटीने सरळगावमार्गे मुरबाडला गेले. बाजाराचा दिवस होता. सुक्या मासळीचा आणि करवंदांचा वास रस्त्यावर एकत्र पसरला होता. दुकानात शिरले तेव्हा शाई आणि रॉकेलचा वास त्या दोघांना मागे सारून आत घुसला. मुलीचा बाप बाकावर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, एखाद्या दवाखान्यात बसावं तसा. आई उभी होती. तिच्या हातात पत्रिकांचा गठ्ठा होता आणि ती वरच्या पत्रिकेवरून अंगठा फिरवत होती. जिथे मामाचं नाव असायला हवं होतं तिथे फक्त वेलबुट्टी होती. शेठने माझी आधीची फाइल छापली होती. नाव त्याला स्वतः घालता येत नव्हतं आणि पैसे द्यायचे नव्हते. एका नावाने कोणाला काय कळणार, असा त्याने हिशेब केला असावा.

"आल्या मॅडम," शेठ म्हणाला. "मी यांना बोललो होतो नाव टाका म्हणून. त्यांनी टाइमावर दिलं नाय. आता मी काय करू?"

बाई माझ्याकडे वळली. "पत्रिका तूच करतेस?"

"हो."

"मग माझ्या भावाला तूच सांग, तुझं नाव का नाय ते." आवाज चढवलेला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "चार वरसं त्याच्या आन् आमच्या बांधावरनं बोलणं नव्हतं. मी एकटी जाऊन त्याच्या ओट्यावर बसले. पाणी पन नाय घेतलं, म्हटलं, भाचीला बोहल्यावर तू न्यायचास, दुसरा कोन नाय. तवा तो हसला. आता पहिली पत्रिका त्याच्याच घरी न्यायची, अक्षता नि सुपारी घेऊन. काय नेऊ? हे?"

हे मला ठाऊक नव्हतं. पडद्यावर मी एक नाव हलवलं होतं, इतकंच. त्या नावामागे एक बाई उन्हात चालत माहेरी गेली होती, हे नावाच्या अक्षरांत कुठे दिसत नव्हतं.

"शेठ म्हणतात ते खरं आहे," मी म्हणाले. "नाव घालून पत्रिका तयार होती. मी ती रोखून ठेवली. दिवाळीपासूनचे माझे पैसे आलेले नाहीत. बदलांचे तर कधीच आले नाहीत."

बाकावरच्या बापाने पहिल्यांदाच मान वर केली. "बदलाचे नाय आले? अहो बाई, आमी तर दर बदलाला पैसे दिलेत. नाव वाढलं की हे म्हणायचे, चेंजिंग चार्ज. सरपंचाच्या टायमाला दिले. गणपती मोठा केला तवा पन दिले."

"भावाच्या नावाचे पन घेतले," बाई म्हणाली. ती आता शेठकडे बघत होती. "नाव तर घातलं नाय. मग घेतले कशाचे? वासाचे?"

शेठ कागदाची चळत उगाच सारखी करायला लागला. "तसं नाय हो वैनी. प्लेट काढायला लागते. तिचा खर्च असतो. मॅडमना त्यातलं कळत नाय."

छपाईची प्लेट एकदाच निघते. सगळं पक्कं झालं की, छापण्याच्या आधी. त्याआधीचे सारे बदल माझ्या ओटीवरच्या पडद्यावर होतात आणि ते पुसायला एक थेंब शाईही खर्च होत नाही. मी तसं सांगितलं. 

 बापाने पाय बाकावर वर घेऊन मांडी घातली. "ठीक आहे," तो म्हणाला. "शेठ, चहा सांगा. आमी बसतो हितं. छापून झाल्या की उठू. काय घाई नाय, बैलं बांधलीत."

दुकानात तेवढ्यात दुसऱ्या लग्नघरची दोन माणसं आली होती. ती दारातच थांबली. शेठने त्यांच्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळून अगदी नेहमीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, टाका ना ती फाइल. आता एवढं करा."

फाइल माझ्या फोनमध्ये होती. एक बोट टेकवायचं होतं. बाई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत पहिल्यांदाच थोडी आशा होती. मला वाटलं, पाठवून टाकावी. ती कोणाची तरी आई आहे, मामा वाट बघत असेल. आणि त्याच क्षणी मला लख्ख दिसलं की दोन वर्षं मी प्रत्येक वेळी हेच केलं होतं. प्रत्येक बदलामागे कोणीतरी आई, कोणीतरी आत्या असायचीच. शेठ आपला हात पुढे करायचा तो नेहमी त्यांच्या आडून.

"आधी माझे पैसे, शेठ," मी म्हणाले.

"बाई, तू पन?" मुलीची आई म्हणाली.

मी तिच्या जवळ गेले आणि फोनचा पडदा तिच्यापुढे धरला. पत्रिकेवर बोटाने थोडं मोठं करून मामाकडील मंडळी दाखवली. तिने वाचलं. वाचताना तिचे ओठ हलत होते. मग ती मागे सरकली.

"दे रे बाबा तिचे," बाप बाकावरून म्हणाला. "तुझे आमी कधीच दिलेत. फुकटचं नाव नको आमच्या पावन्याला."

दारातल्या दोघांपैकी एकजण हसला. शेठने गल्ला उघडला. थोडे रोख दिले, थोडे फोनवरून पाठवले. या सराईचे पूर्ण झाले. दिवाळीचे काही राहिले, "ते नंतर बघू" म्हणाला, आणि ते नंतर कधीच बघितले गेले नाहीत. पैसे आल्याची टिंग वाजली तेव्हा मी फाइल पाठवली. दोन्ही आवाज जवळजवळ एकाच वेळी झाले. आतून छपाईयंत्र सुरू झाल्याची घरघर आली.

मी निघाले तेव्हा बाई पायरीपर्यंत आली. मला वाटलं, काही बरं बोलेल. ती म्हणाली, "तुझं बरोबर असल गो. पन आठ दिवस आधी आमाला एक फोन केला असतास, तर आमी तेव्हाच हितं येऊन बसलो असतो."

हे मला सुचलंच नव्हतं. पत्रिकेवर त्यांचा नंबर मीच टंकला होता. दोन वर्षं मी शेकडो लग्नघरांची नावं हलवली, आणि त्या घरांशी थेट बोलायचं असतं हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. शेठ मध्ये होता तो केवळ पैशांच्या नव्हे, माणसांच्याही मध्ये. एसटीत बसल्यावर तिचं वाक्य मला लागत राहिलं. माझी बाजू बरोबर होती आणि तरीही तो गठ्ठा हातात धरून तिने भावाला तोंड कसं दाखवायचं ही काळजी वाहिली होती. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. आजही नाहीत.

काही दिवसांनी मुलीचा बाप आमच्याकडे पत्रिका घेऊन आला. अक्षता दिल्या, पाण्याचा तांब्या घेतला, लवकर उठला. मी मामाच्या नावावरून बोट फिरवलं. शाई कागदावर किंचित उभी होती, अगदी बारीक वळासारखी. वरती माझ्या चार ओळी. त्यातला "ठसा" हा शब्द इतक्या बदलांत शेठने एकदाही बदलायला सांगितला नव्हता, याचं मला आश्चर्य वाटलं.

लग्नाला गेले. मांडवात मामाने भाचीला हाताला धरून आणलं. जाडजूड, काळासावळा माणूस, नव्या फेट्यात अवघडलेला. आईने मला गर्दीत पाहिलं, हळदकुंकू लावलं. "नाव नीट आलं," एवढंच म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली.

मुरबाडच्या दुकानातून मला पुन्हा काम आलं नाही. कानावर असं आलं की शेठ इतर दुकानदारांना सांगतो, "त्या मॅडम पार्टीसमोर पैसे मागतात." शहापूरच्या एका छपाईवाल्याने ठरवलेलं काम आयत्या वेळी परत घेतलं, ते त्यामुळेच की नाही, कोण जाणे. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याने आलेले पैसे पाहिले, जून जवळ आला होता. "गणपतीपर्यंत बघू," तो म्हणाला. गोदामाच्या गाडीचा विषय संपलेला नव्हता, त्याने तो जरा पुढे सरकवला होता, माझ्या नावांसारखा.

वर्ष झालं, गाडीत मी अजून बसलेले नाही, आणि आता काही लग्नघरं थेट येतात. शेणव्याहून दोन आली, ती त्या बापाने पाठवली असावीत. मी आधीच सांगते, दोन बदल किमतीत, तिसऱ्यापासून पैसे आधी. काहीजण मान डोलावतात, काहीजण निघून जातात. परवा एक आजीबाई ओटीवर बसल्या होत्या. चहा झाला, पत्रिका पसंत पडली, दोन्ही बदल झाले. मग त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि खाली बघत म्हणाल्या, "ताई, एक राहिलं बघ. माझ्या मेलेल्या बहिणीचं नाव. एवढंच एक."

बाहेर राबाचा धूर होता. मी संगणकाकडे वळले, मग पुन्हा त्यांच्याकडे. "करते, आजी," मी म्हणाले, "पण त्याचे पैसे द्यावे लागतील." त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, कनवटीला हात घातला, आणि मी त्यांचा हात बाहेर यायची वाट बघत बसले.